साडेदहा ते अकरा: एरलांगच्या सूत्राने एजंट किती लागतात ते ठरवताना

आमच्या हेल्पलाइनवर सकाळी ९ ते संध्याकाळी ७ असे दहा तास फोन घेतले जातात, म्हणजे दिवसाचे वीस अर्धे तास. रोस्टरचं काम माझ्याकडे आलं तेव्हा या प्रत्येक अर्ध्या तासाला फोनवर १८ माणसं असायची. हा आकडा कुणी उगाच ठरवला नव्हता. सोमवारी साधारण १६०० फोन येतात. त्यांना वीसने भागलं की अर्ध्या तासाला ८० फोन. एक फोन पाच मिनिटांचा. ८० टक्के फोन २० सेकंदांच्या आत उचलायचे हे आमचं उद्दिष्ट, आणि त्यासाठी १८ माणसं लागतात. आजही हे गणित करून पाहिलं तर १८च येतात.

तरीही सोमवारी सकाळी लोक ताटकळायचे. दुपारी तीननंतर मात्र एजंट फोनची वाट पाहत बसलेले असायचे. दिवसाचा एकत्रित आकडा या दोन्हींची सरासरी दाखवायचा, त्यामुळे मीटिंगमध्ये 'थोडं कमी पडतंय' एवढंच बोललं जायचं. खरं तर सकाळी फार कमी पडत होतं आणि संध्याकाळी उरत होतं. अर्ध्या तासाला ८० फोन ही परिस्थिती त्या दिवसात क्वचितच यायची. त्यामुळे मी दिवसाची सरासरी बाजूला ठेवली आणि प्रत्येक अर्ध्या तासाचं गणित वेगळं करायचं ठरवलं. इथे मुख्यतः एकाच अर्ध्या तासाबद्दल लिहिते आहे, सोमवारी साडेदहा ते अकरा. तो नीट समजला की बाकीचे एकोणीस त्याच पद्धतीने सुटतात.

पहिला प्रश्न होता, या अर्ध्या तासात फोन येतात तरी किती? रिपोर्टमध्ये उचललेल्या फोनचा रकाना सगळ्यात आधी डोळ्यासमोर येतो, म्हणून गेल्या काही सोमवारचा त्याचा आलेख काढला. तो दहापर्यंत चढत जायचा आणि मग दहा ते बारा जवळजवळ सपाट. दर अर्ध्या तासाला १०५, १०७, १०६. ग्राहकांच्या वागण्याला असा सपाट माथा नसतो. १८ माणसं, प्रत्येकाकडे १८०० सेकंद आणि एका फोनला ३०० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासात जास्तीत जास्त १०८ फोन होऊ शकतात. आलेख मागणी दाखवतच नव्हता, तो आमची क्षमता दाखवत होता. त्याच्यावरून अंदाज काढला असता तर पुढच्या सोमवारीही १०६ फोनच 'अपेक्षित' धरले गेले असते आणि टंचाई तशीच चालू राहिली असती. तुमच्याकडच्या आलेखात असा सपाट भाग दिसला तर तिथे माणसं कमी पडत आहेत असं समजायला हरकत नाही.

म्हणून उचललेले नाही, तर आलेले फोन घ्यायचे. पण त्यातही एक अडचण होती. वाट पाहून फोन ठेवणारा माणूस दोन-चार मिनिटांनी पुन्हा फोन करतो आणि यंत्रणा त्याला नवा फोन म्हणून मोजते. एका सोमवारी साडेदहा ते अकरामध्ये १४६ फोन आल्याची नोंद होती. नंबर लावून पाहिले तर त्यातले २६ हे आधी न उचलल्या गेलेल्या नंबरांवरून अर्ध्या तासाच्या आत पुन्हा आलेले फोन होते. खरी मागणी १२०. या दुहेरी नोंदी काढल्या नाहीत तर उलट दिशेने चूक होते. ज्या दिवशी माणसं कमी होती त्या दिवशीची मागणी फुगलेली दिसते आणि आपण गरजेपेक्षा जास्त माणसं मागतो. मी नियम असा केला की न उचललेला नंबर अर्ध्या तासात पुन्हा आला तर तो एकदाच मोजायचा, आणि तोही पहिल्या वेळेच्या खात्यात. उचललेल्या फोननंतर पुन्हा आलेला फोन मात्र वेगळाच मोजायचा, कारण ते खरोखर नवं काम आहे.

पुढचा टप्पा अंदाजाचा. सुरुवातीला वाटलं होतं की दर सोमवारच्या साडेदहाचा आकडा घ्यावा, सरासरी काढावी आणि मोकळं व्हावं. पण आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर एक गोष्ट दिसली. दिवसाची एकूण संख्या बरीच हलते, महिन्याच्या सुरुवातीला वाढते, सुट्टीनंतरच्या दिवशी उसळते. पण त्या एकूण संख्येतला साडेदहाचा वाटा फारसा हलत नाही. तो ७ ते ८ टक्क्यांमध्येच राहतो. म्हणून अंदाजाचे दोन भाग केले. आधी दिवसाचे एकूण फोन. त्यासाठी मागच्या काही आठवड्यांतले तेच वार घ्यायचे, यंत्रणा बंद पडलेला एखादा सोमवार असेल तर तो वगळायचा, आणि महिन्यातला आठवडा कितवा ते पाहून वर-खाली करायचं. मग अर्ध्या तासांचे वाटे. तिथे सरासरीऐवजी मध्यक घेतला, म्हणजे एखादी विचित्र सकाळ सगळ्या वाट्यांना ओढून नेत नाही. शेवटी वीस वाट्यांची बेरीज १०० करून घ्यायची. साडेदहाचा वाटा साडेसात टक्के निघाला. १६०० चे साडेसात टक्के म्हणजे १२०. संध्याकाळी सहा ते साडेसहाचा वाटा जेमतेम अडीच टक्के. म्हणजे ४० फोन. सकाळी १२० आणि संध्याकाळी ४०, आणि दोन्हीकडे बसलेली माणसं १८.

आता एका फोनला लागणारा वेळ, ज्याला आम्ही सगळे एएचटी म्हणतो. यात तीन गोष्टी येतात: बोलणं, मध्ये होल्डवर ठेवलेला वेळ आणि फोन ठेवल्यावर नोंदी करण्याचा वेळ. आमच्या रिपोर्टमध्ये होल्डसकट बोलण्याचा वेळ २४० सेकंद असा ठळक दिसायचा आणि नोंदींचा ६० सेकंद वेगळ्या पानावर होता. नोंदी लिहीत असलेला एजंट पुढचा फोन घेऊ शकत नाही, म्हणून ते ६० सेकंद धरलेच पाहिजेत. एकूण ३००. ही सरासरी काढताना सगळ्या एजंटांच्या सरासऱ्यांची सरासरी काढू नये. अर्ध्या तासात आलेल्या फोनवर खर्च झालेले सगळे सेकंद एकत्र करावेत आणि फोनच्या संख्येने भागावेत. नाहीतर दिवसात पाच फोन घेणारा नवखा आणि साठ फोन घेणारी अनुभवी मुलगी यांना सारखंच वजन मिळतं.

हे दोन आकडे हातात आले की पुढचं गणित आग्नर क्रारूप एरलांग यांचं. ते डेन्मार्कचे गणिती, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे. १९०९ साली त्यांनी दाखवून दिलं की एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांचे फोन पॉयसाँच्या नियमाने, म्हणजे एका सरासरीभोवती पण कुठल्याही क्षणी, येतात, आणि १९१७ साली वाट पाहण्याची सूत्रं प्रसिद्ध केली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये किती लाइनी लागतील हा त्यांचा प्रश्न होता. लाइनीच्या जागी एजंट ठेवला की तो आपला प्रश्न होतो. कामाच्या भाराचं एककही त्यांच्याच नावाने आहे.

भार काढणं सोपं आहे. १२० फोन गुणिले ३०० सेकंद, भागिले अर्ध्या तासाचे १८०० सेकंद. उत्तर २०. म्हणजे २० एरलांग. याचा अर्थ, फोन जर एकामागोमाग एक, जराही अंतर न पडता आणि नेमके पाच-पाच मिनिटांचे आले असते, तर २० माणसं शंभर टक्के वेळ गुंतून राहिली असती. फोन तसे येत नाहीत. कधी एका मिनिटात आठ येतात, कधी एकच. म्हणून बरोबर २० माणसं बसवली तर रांग वाढतच जाते. एका निवांत मिनिटात वाया गेलेला वेळ पुढच्या गर्दीच्या मिनिटाला परत वापरता येत नाही. सूत्रही तेच सांगतं. माणसं भाराइतकी किंवा कमी असतील तर त्याला उत्तरच नाही. प्रश्न एवढाच उरतो की २० च्या वर किती.

वाट पाहण्याच्या त्यांच्या सूत्राला एरलांग सी म्हणतात. त्यात क्रमगुणित येतात आणि स्प्रेडशीटमध्ये ते त्रास देतात. १७० च्या पुढे `FACT` चूक दाखवतं. पण तेच उत्तर पॉयसाँच्या तयार फंक्शनमधून मिळतं आणि मोठ्या आकड्यांनाही अडत नाही. माझ्या शीटमध्ये तीन रकाने आहेत. `A` म्हणजे भार, `N` म्हणजे माणसं:

```
B  = POISSON.DIST(N, A, FALSE) / POISSON.DIST(N, A, TRUE)
C  = N*B / (N - A*(1-B))
SL = 1 - C*EXP(-(N-A)*20/AHT)
```

`B` ही फक्त मधली पायरी आहे. `C` म्हणजे फोन करणाऱ्याला रांगेत थांबावं लागण्याची शक्यता. `SL` म्हणजे २० सेकंदांच्या आत उचलल्या जाणाऱ्या फोनचं प्रमाण. सरासरी किती सेकंद थांबावं लागेल हे हवं असेल तर `C*AHT/(N-A)`.

२० एरलांगसाठी मी `N` एकेकाने वाढवत गेले. २१ माणसं असतील तर २० सेकंदांत फक्त २९ टक्के फोन उचलले जातात आणि सरासरी थांबणं २२८ सेकंदांचं, जवळजवळ चार मिनिटं. २२ माणसांना ५० टक्के आणि ८५ सेकंद. २३ माणसांना ६६ टक्के आणि ४२ सेकंद. २४ माणसांना ७७ टक्के आणि २२ सेकंद. २५ माणसांना ८५ टक्के आणि १२-१३ सेकंद. २६ माणसांना ९० टक्के. उद्दिष्ट ८० चं, म्हणून उत्तर २५.

या ओळींकडे मी बराच वेळ पाहत बसले होते. पहिली २० माणसं म्हणजे निव्वळ काम. सगळी सेवा, म्हणजे लोकांना किती थांबावं लागतं ते, वरच्या पाचांवर ठरते. त्यातला दुसराच माणूस थांबणं पावणेचार मिनिटांवरून दीड मिनिटाच्या खाली आणतो. सव्विसावा माणूस पाचच टक्के वाढवतो. म्हणून 'एखादा माणूस इकडे-तिकडे झाला तर काय बिघडतं' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ३० वरून २९ झाले तर काही बिघडत नाही. २३ वरून २२ झाले तर थांबणं दुप्पट होतं.

ऑपरेशन्स मॅनेजरांना ही शीट दाखवली तेव्हा त्यांनी रास्त प्रश्न विचारला. "२० माणसांचं काम आहे म्हणतेस, मग २५ कशाला? पाच जण रिकामे बसणार?"

"रिकामे बसणार नाहीत, सर," मी म्हटलं. "पंचवीसही जण ८० टक्के वेळ कामात असतील. फोन संपला की पुढचा यायला सरासरी मिनिट-सव्वा मिनिट मिळेल, एवढंच."

"आणि २१ ठेवले तर?"

"तर प्रत्येकजण ९५ टक्के वेळ फोनवर. दोन फोनांत श्वास घ्यायलाही वेळ नाही. बाहेर ग्राहक चार मिनिटं ताटकळत, आणि एकाने पाणी प्यायला हेडफोन काढला की रांग थांबायचंच नाव घेणार नाही."

त्यांनी शीटमध्ये स्वतः २२ आणि २३ टाकून पाहिले आणि मग २५ मान्य केले. माणसं मागायला जाताना फक्त उत्तर घेऊन जाऊ नये, वरच्या-खालच्या ओळीही सोबत न्याव्यात. समोरच्याला माणूस कमी करण्याची किंमत स्वतःच्या डोळ्यांनी दिसते आणि चर्चा तिथेच संपते.

२५ हा फोनवर प्रत्यक्ष बसलेल्या माणसांचा आकडा आहे, रोस्टरवरच्या नावांचा नाही. रजा, आजारपण, प्रशिक्षण, मीटिंग, चहा-जेवणाची सुट्टी, उशिरा लॉगिन, हे सगळं मिळून आमच्याकडे ३० टक्के वेळ जातो. याला सगळीकडे श्रिंकेज म्हणतात. इथे बऱ्याच ठिकाणी २५ वर ३० टक्के चढवून ३३ माणसं काढली जातात. पण ३३ मधून ३० टक्के गेले की २३ उरतात, आणि २३ ची ओळ आपण वर पाहिली, ६६ टक्के. भागाकार करायला हवा. २५ भागिले ०.७०, म्हणजे ३६.

मात्र ३६ माणसं माझ्याकडे नव्हती, आणि मिळणारही नव्हती. मग श्रिंकेजचेच तुकडे केले. ३० पैकी साधारण १५ टक्के रजा, आजारपण आणि उशिराचं होतं, जे कुठल्याही वेळी येतं. उरलेलं अर्धं, म्हणजे चहा-जेवणाच्या सुट्ट्या, प्रशिक्षण, टीम मीटिंग, आपण ठरवू त्या वेळी येतं. आमच्या टीम मीटिंग सकाळी साडेदहाला व्हायच्या आणि चहाची पहिली सुट्टी पावणेअकराला. त्या दोन्ही हलवल्या. मीटिंग दुपारी चारनंतर, आणि चहा साडेनऊच्या आधी किंवा बारानंतर. मग साडेदहाच्या अर्ध्या तासात फक्त १५ टक्के श्रिंकेज उरतं. २५ भागिले ०.८५, म्हणजे ३० माणसं. एकही भरती न करता गरज सहा जणांनी कमी झाली. श्रिंकेजचा एकच आकडा दिवसभर लावला तर ही जागा दिसतच नाही. तोही अर्ध्या तासाप्रमाणेच लावायला हवा. चहा बारानंतर गेल्यामुळे काही जण नाराज झाले आणि त्यांची नाराजी योग्य होती. म्हणून सकाळी लवकर येणाऱ्यांना साडेनऊच्या आधीची आणि उशिरा येणाऱ्यांना बारानंतरची सुट्टी, अशी वाटणी केली. कुणालाही अडीच-तीन तासांपेक्षा जास्त सलग बसावं लागत नाही.

शिफ्टचा आकार बदलणं जास्त अवघड गेलं. मागणी डोंगरासारखी आणि आठ तासांची शिफ्ट ठोकळ्यासारखी, त्यामुळे काही अर्ध्या तासांत माणसं उरणार आणि काहींत एखाददुसरा कमी पडणार हे धरूनच चालावं लागतं. संध्याकाळच्या शिफ्टमधल्या काहींना सकाळी आणलं आणि साडेनऊ ते दीड अशी चार तासांची शिफ्ट सुरू केली. ती घरच्या जबाबदाऱ्या असलेल्या काही सहकाऱ्यांना सोयीची पडली. तरीही साडेअकराच्या अर्ध्या तासात सूत्राने मागितलेल्यापेक्षा एक माणूस कमीच राहतो. तो तसाच ठेवला, कारण त्याची भरपाई करायची तर संध्याकाळी दोन उरतात.

नवीन रोस्टर लागल्यावर खरं शिक्षण सुरू झालं. पहिल्या काही सोमवारी साडेदहाला ८५ टक्के येणं अपेक्षित होतं, आणि एका सोमवारी ६८ आले. सूत्र खोटं पडलं असं कुणी म्हणायच्या आत मी एक तपासणी केली. आता ती दर आठवड्याला करते, आणि माझ्या मते या सगळ्या पद्धतीतली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे. अंदाजाचे आकडे काढून टाकायचे आणि त्याच सूत्रात प्रत्यक्ष घडलेले आकडे घालायचे. त्या दिवशी फोन आले होते ११८, एएचटी होता ३०४ सेकंद. म्हणजे भार १९.९, अंदाजाला अगदी धरून. २५ माणसं असती तर ८५ टक्के यायलाच हवे होते. मग मी लॉगमधून त्या अर्ध्या तासात फोनसाठी उपलब्ध असलेले किंवा फोनवर असलेले सगळे सेकंद एकत्र केले. ते ४१,४०० भरले. भागिले १८००, म्हणजे २३ माणसं. सूत्रात २३ घातले तर ६७ टक्के येतात. प्रत्यक्ष ६८. अंदाज बरोबर होता, सूत्रही बरोबर होतं, दोन माणसांइतका वेळ कुठेतरी गेला होता. तो सापडला तेव्हा कळलं की एका नव्या नियमामुळे तक्रारींचे ईमेल लिहिण्यासाठी एजंट स्वतःला 'उपलब्ध नाही' करून ठेवत होते. ते काम दुपारी हलवलं.

या तपासणीने प्रत्येक वाईट अर्ध्या तासाला एक कारण चिकटवता येतं: फोनच जास्त आले, एएचटी वाढला, किंवा माणसं प्रत्यक्षात कमी बसली. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि तिन्हींची जबाबदारीही वेगवेगळ्या लोकांची आहे.

एएचटीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, म्हणून त्याचा एक आकडा सांगते. फोन १२०च, माणसं २५च, फक्त एएचटी ३०० वरून ३३० झाला. फोनमागे अर्धं मिनिट. नोंदींच्या फॉर्ममध्ये दोन रकाने वाढले की एवढं सहज होतं. भार २० चा २२ होतो, सेवा ८५ वरून ६४ टक्क्यांवर येते आणि सरासरी थांबणं १२-१३ सेकंदांवरून ४८ सेकंदांवर जातं. फोन दहा टक्के वाढले तरी जवळपास हाच परिणाम. पण फोन वाढले तर सगळ्यांना दिसतं, फॉर्म लांबला तर कुणाला दिसत नाही. म्हणून आता फॉर्म बदलणाऱ्या टीमला मी आधीच विचारून ठेवते की नोंदीला किती सेकंद वाढणार आहेत, आणि त्या आठवड्याच्या शीटमध्ये तो एएचटी घालते.

अंदाजाच्या अचूकतेबद्दलही एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. पॉयसाँच्या नियमाने येणाऱ्या फोनमध्ये चढ-उतार वर्गमुळाइतका असतो. १२० चं वर्गमूळ साधारण ११. म्हणजे माझा १२० चा अंदाज परिपूर्ण असला तरी प्रत्यक्ष आकडा दर तीनपैकी एखाद्या वेळी १०९ ते १३१ च्या बाहेर जाणारच. हे सुमारे ९ टक्के झाले. अर्ध्या तासाचा अंदाज पाच टक्क्यांत बसवा असा आग्रह कुणी धरला तर तो पूर्ण होणार नाही. दिवसाच्या १६०० चं वर्गमूळ ४०, म्हणजे अडीच टक्के. दिवसाला पाच टक्क्यांची अपेक्षा ठेवणं शक्य आहे. म्हणून मी चूक मोजताना एकेका साडेदहाकडे पाहत नाही. अनेक सोमवारचे साडेदहा एकत्र घेते आणि चुका एकाच बाजूला झुकतात का ते बघते. सलग सगळे वरच्या बाजूला गेले तर वाटा बदलला आहे. वर-खाली होत राहिले तर तो फोनांचा स्वभाव आहे आणि अंदाजाला हात लावायचा नाही.

सूत्राच्या दोन मर्यादा मला प्रत्यक्षात जाणवल्या. एक म्हणजे ते प्रत्येक अर्ध्या तासाकडे सुट्टं पाहतं, मागची रांग त्याला दिसत नाही. दहाच्या अर्ध्या तासात माणसं कमी पडून दहा-बारा फोन तुंबले असतील तर साडेदहाला २५ माणसं असूनही पहिली काही मिनिटं तुंबलेले फोन निस्तरण्यात जातात आणि आकडा खाली येतो. मागच्या अर्ध्या तासाची तूट पाहिल्याशिवाय साडेदहाला दोष देऊ नये. म्हणूनच आमच्याकडे चार तासांची शिफ्ट दहाऐवजी साडेनऊला सुरू होते.

दुसरी मर्यादा म्हणजे एरलांग सी धरून चालतं की कुणीही फोन ठेवत नाही, प्रत्येकजण कितीही वेळ थांबतो. माणसं पुरेशी असतात तेव्हा याने फारसा फरक पडत नाही, कारण फोन ठेवण्याची वेळच थोड्यांवर येते. पण २१-२२ माणसांवर सूत्र जी चार मिनिटांची रांग दाखवतं ती प्रत्यक्षात तेवढी लांबत नाही. लोक मधूनच फोन ठेवतात आणि उरलेल्यांची रांग आखूड होते. स्वीडनच्या कॉनी पाम यांनी १९४६ साली लोकांचा धीर हिशोबात घेणारी मांडणी केली, तिला आता एरलांग ए म्हणतात. तिला एक आकडा जास्त लागतो, लोक सरासरी किती वेळ धीर धरतात. तो काढायला फक्त फोन ठेवणाऱ्यांच्या थांबण्याची सरासरी घेतली तर धीर फार कमी दिसतो, कारण ज्यांचा फोन उचलला गेला ते आणखी किती थांबले असते ते त्यात येत नाही. सगळ्यांचा, म्हणजे उचललेल्या आणि न उचललेल्या दोन्ही फोनांचा, एकूण थांबण्याचा वेळ घ्यायचा आणि त्याला फोन ठेवणाऱ्यांच्या संख्येने भागायचं. आमच्या एका वाईट सकाळी १२० जण मिळून ७२०० सेकंद थांबले आणि त्यातल्या २४ जणांनी फोन ठेवला. धीर ३०० सेकंदांचा निघाला.

सध्या मी दोन्ही वापरते. नेहमीच्या आठवड्याचं रोस्टर एरलांग सीवर, कारण पुरेशी माणसं ठेवायची असतील तर तो किंचित जास्त मागतो आणि ते मला चालतं. मोठ्या सुट्टीच्या आठवड्यात निम्मी टीम रजेवर असते आणि माणसं भाराइतकीच किंवा कमी असतात. तिथे सी उत्तरच देत नाही, म्हणून त्या आठवड्यासाठी एरलांग एने किती टक्के लोक फोन ठेवतील ते काढते. रजा मंजूर होण्याआधी तो आकडा मॅनेजरांकडे पाठवते, म्हणजे कुठल्या अर्ध्या तासात आणखी एक रजा दिली तर किती फोन सुटतील हे पाहून त्या रजांवर निर्णय होतो.